चौदा रुपयांनी महाग कुरिअर कधी स्वस्त पडतं?

२०२५ साली घरबसल्या माल विकणाऱ्यांसाठी कुरिअरच्या बाबतीत दोन बदल झाले. जुलैत डेल्हिव्हरी या कुरिअर कंपनीने इकॉम एक्स्प्रेस ही दुसरी कुरिअर कंपनी विकत घेतली. सौदा सुमारे चौदाशे कोटींचा होता. त्यामुळे अनेकांच्या यादीतला एक सवयीचा पर्याय नाहीसा झाला. १ सप्टेंबरपासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आणि १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे दरही बदलले. ज्यांनी कुरिअर एकदा निवडून पुन्हा त्याकडे पाहिलं नव्हतं, त्यांना नव्याने निवड करावी लागली.

आमचंही तसंच झालं. माझी वहिनी बार्शीहून लहान मुलींचे खणाचे फ्रॉक आणि परकर-पोलकी विकते. ऑर्डरी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर येतात, महिन्याला साठ-सत्तर. शिवणकाम तिचं आणि दोन बायकांचं, कुरिअरचा हिशोब माझा. पहिली दोन वर्षं मी तो फार सोप्या रीतीने करत होतो. पॅनलवर सगळ्यात वर जो दर दिसेल, त्यावर बोट ठेवायचं. पॅनल म्हणजे एकाच ठिकाणी पाच-सहा कुरिअर कंपन्या दाखवणाऱ्या मध्यस्थाचं संकेतस्थळ. आपण त्याच्या वॉलेटमध्ये पैसे भरतो आणि प्रत्येक पार्सलमागे तो कापून घेतो.

दर पाहून निवडणं चुकीचं नाही. फक्त दरपत्रकावर दिसतो तो पार्सल पाठवण्याचा भाव, आणि आपल्याला हवा असतो तो पार्सल पोचून पैसे हातात येण्याचा भाव. या दोन्हींमध्ये किती अंतर पडतं ते आमच्या खणाच्या फ्रॉकवरूनच दाखवतो.

## झोन म्हणजे काय आणि नागपूर हैदराबादपेक्षा जवळ कसं

कुरिअर कंपन्या देशाचे चार-पाच भाग पाडतात, त्यांना झोन म्हणतात. झोन नकाशावर कायमचे आखलेले नसतात. तुमचा पिनकोड आणि ग्राहकाचा पिनकोड यांची जोडी जुळवून तो ठरतो. साधारण पद्धत अशी: एकाच शहरात ए, त्याच राज्यात किंवा आसपासच्या भागात बी, एका महानगरातून दुसऱ्या महानगरात सी, उरलेला देश डी, आणि ईशान्येकडची राज्यं, जम्मू-काश्मीर वगैरे ई. अक्षरं कंपनीगणिक बदलतात, कल्पना तीच राहते.

तालुक्याच्या गावाला फटका बसतो तो सी झोनमध्ये. पुण्याचा विक्रेता बंगळुरूला पार्सल पाठवतो तेव्हा बऱ्याच कंपन्या ते महानगर ते महानगर धरतात. आम्ही तेच पार्सल बार्शीहून पाठवलं की ते डीमध्ये जातं, कारण बार्शी महानगर नाही. एसटीचं तिकीट अंतरावर असतं. कुरिअरचं तिकीट तुम्ही कुठल्या स्टँडवरून चढलात यावरही असतं.

दुसरी गंमत आणखी मोठी आहे. बार्शीहून हैदराबाद चारशे किलोमीटरच्या आत, नागपूर साडेपाचशेच्या पुढे. पण जी कंपनी बी झोनसाठी राज्याची हद्द पाहते तिच्याकडे नागपूर स्वस्त आणि हैदराबाद महाग. जी कंपनी किलोमीटर पाहते तिच्याकडे उलट होऊ शकतं. स्पीड पोस्ट अंतराचेच टप्पे लावतं: दोनशे किलोमीटरपर्यंत, पाचशेपर्यंत, हजारपर्यंत, असे. म्हणून ‘अमुक कुरिअर स्वस्त’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठून कुठे, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तासाभराचा आहे. मागच्या तीन महिन्यांतल्या ऑर्डरींचे पिनकोड काढा आणि पॅनलच्या रेट कॅल्क्युलेटरमध्ये घालून प्रत्येकाचा झोन लिहा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त पार्सलं महाराष्ट्रातच जात होती, आणि बाकीची बहुतेक बंगळुरू, हैदराबाद, इंदूर, बडोदा अशी, म्हणजे जिथे मराठी घरं आहेत तिथे. ई झोनमध्ये वर्षाला चार. त्या झोनचा दर कोणाचा कितीही असो, आम्हाला त्याचं सोयरसुतक नाही. दरपत्रकातल्या ज्या दोन रकान्यांत तुमचा माल जातो, तेवढेच वाचा.

## फ्रॉकचं वजन ३८० ग्रॅम, बिल दीड किलोचं

झोन कळला की दर वजनावर येतो, आणि वजन अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यात मोजलं जातं. ५०० ग्रॅमपर्यंत एक भाव, त्याच्या पुढे एक ग्रॅम गेलं तरी किलोचा.

वहिनी फ्रॉक सुंदर पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये पाठवायची, वर रिबन. बॉक्ससकट वजन ३८० ग्रॅम. मी निश्चिंत होतो. मग वॉलेटमधून जास्तीचे पैसे कापले जायला लागले. चौकशी केल्यावर कळलं ते आकारमानी वजन, ज्याला कुरिअरवाले व्हॉल्युमेट्रिक म्हणतात. गाडीत जागा भरते, वजन भरत नाही, म्हणून ते जागेचे पैसे घेतात. गोणीभर कापूस आणि गोणीभर गहू नेणारा टेम्पोवाला दोघांचं भाडं सारखंच मागतो, तसं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५००० ने भागायचं, की किलो मिळतात. प्रत्यक्ष आणि आकारमानी, यातलं जे जास्त ते बिलात लागतं.

आमचा बॉक्स ३० × २४ × ७ सेंटिमीटर. गुणाकार ५०४०, भागिले ५०००, म्हणजे १.००८ किलो. आठ ग्रॅमने किलो ओलांडला आणि बिल दीड किलोच्या टप्प्यात गेलं. ३८० ग्रॅमच्या फ्रॉकचं!

बॉक्स गेला, पिशवी आली. फ्रॉक घडी घालून पातळ पुठ्ठ्यावर, वरून कुरिअरची पिशवी: २८ × २२ × ४. गुणाकार २४६४, म्हणजे ०.४९३ किलो, अर्ध्या किलोच्या आत. पण यात एक खोच आहे. पिशवीत हवा राहिली आणि हबवरच्या, म्हणजे कुरिअरचा माल गोळा होतो त्या केंद्रावरच्या, यंत्राने उंची ५ सेंटिमीटर मोजली, तर ०.६१६ होतात आणि आपण किलोच्या भावात. म्हणून वहिनी आता पिशवी चिकटवण्याआधी तिच्यावर गुडघा टेकवून हवा काढते. काही कंपन्या ५००० ऐवजी ४५०० ने भागतात. तिथे आमची हीच चपटी पिशवीसुद्धा ०.५४८ होऊन किलोत जाते. दर विचारण्याआधी भाजक विचारावा तो यासाठी.

कुरिअरने वजन वाढवून लावलं तर हरकत घेता येते. तिची मुदत छोटी असते, साधारण आठवडाभराची, आणि पुरावा म्हणून काट्यावरचा आणि टेप लावलेला फोटो लागतो. दर महिन्याला शंभर फोटो कोण काढणार? आम्ही प्रत्येक मापाच्या पिशवीचे एकदाच नीट फोटो काढून ठेवलेत, आणि पॅनलमध्ये तो माल त्याच मापाने नोंदवून ठेवलाय. त्यानंतर भांडणं बरीच कमी झाली.

आणखी एक छोटी गोष्ट. दरपत्रकावरचा भाव बहुतेकदा १८ टक्के जीएसटी सोडून असतो. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर तो तुमच्या खिशातूनच जातो. पुढच्या हिशोबात मी तो धरूनच आकडे घेतलेत.

## आधी आरटीओ समजून घेऊ

हे आरटीओ म्हणजे लायसनवालं ऑफिस नव्हे. पार्सल ग्राहकाकडे गेलं, त्याने घेतलं नाही किंवा तो सापडला नाही, आणि ते विक्रेत्याकडे परत आलं, तर त्याला कुरिअरच्या धंद्यात आरटीओ म्हणतात. सीओडीच्या, म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे देण्याच्या ऑर्डरींमध्ये हे प्रमाण जास्त असतं. ग्राहकाचे पैसे अडकलेले नसतात, त्यामुळे ‘नको’ म्हणणं फुकट असतं.

फुकट त्याला. आपल्याला जाण्याचं भाडं लागतं, येण्याचंही लागतं, आणि फ्रॉक पंधरा-वीस दिवस रस्त्यावर फिरत राहतो. सीओडी घेण्याची वेगळी रक्कम मात्र बऱ्याच ठिकाणी परत आलेल्या पार्सलवर लावत नाहीत. लावतात का, ते विचारून घ्या.

आता शंभर पार्सलांचा हिशोब. सगळी सीओडी, सगळी डी झोनमध्ये, सगळी अर्ध्या किलोची. दर समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या पॅनलवर वेगळे असतील. पहिल्या कंपनीचं जाण्याचं भाडं ५८ रुपये, सीओडीचे ३५, परत आणण्याचे ५२. दुसरीचे अनुक्रमे ७२, ४० आणि ६५. पहिलीकडे शंभरातली २४ परत येतात, दुसरीकडे १४.

पहिली कंपनी: जाण्याचे ५,८००. पोचलेल्या ७६ पार्सलांवर सीओडी २,६६०. परतीचे १,२४८. एकूण ९,७०८. भागिले ७६, म्हणजे पोचलेल्या प्रत्येक पार्सलमागे जवळपास १२८ रुपये. दरपत्रकावर ५८ दिसत होते!

दुसरी: जाण्याचे ७,२००, ८६ वर सीओडी ३,४४०, परतीचे ९१०. एकूण ११,५५०, म्हणजे पोचलेल्या पार्सलमागे १३४ रुपये.

इथे थांबलात तर पहिलीच स्वस्त. पण शेवटचं पाऊल राहिलंय. एका फ्रॉकमागे कापड आणि शिलाई वजा जाता वहिनीला २२० रुपये सुटतात, कुरिअर धरायच्या आधी. पहिल्या कंपनीकडे ७६ फ्रॉक विकले गेले: १६,७२० वजा ९,७०८, हातात ७,०१२. दुसरीकडे ८६ फ्रॉक: १८,९२० वजा ११,५५०, हातात ७,३७०. चौदा रुपयांनी महाग कंपनी साडेतीनशे रुपये जास्त देऊन गेली. परत येताना मळलेले, चुरगळलेले फ्रॉक यात धरलेलेच नाहीत. ते धरले तर फरक आणखी वाढतो. पिशव्या आणि जाहिरातीचा खर्च दोन्हीकडे शंभर पार्सलांचाच आहे, म्हणून तो सोडून दिलाय.

मात्र महाग कंपनीची बाजू किती नाजूक आहे तेही पाहा. तिच्याकडे १४ ऐवजी १६ पार्सलं परत आली तर हातात ६,८८० उरतात आणि स्वस्त कंपनी पुढे जाते. १५ असतील तर ७,१२५, म्हणजे जेमतेम वर. चोवीसच्या जागी बावीस परत येतात एवढ्यावर महाग कुरिअर धरू नये. चौदा रुपये जास्त मोजायचे तर या मालात परतीची संख्या शंभरामागे नऊने तरी कमी व्हायला हवी. तुमचा फ्रॉक २२० ऐवजी ५०० रुपये सोडत असेल तर एवढ्या फरकाची गरज नाही. शंभर सोडत असेल तर सीओडीवर विकावा का, याचाच आधी विचार करा.

## मग महाराष्ट्रातही महागच घ्यायचं का?

नाही, आणि माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती. वरचा हिशोब करून मी उत्साहात सगळी पार्सलं दुसऱ्या कंपनीकडे वळवली.

बी झोनमध्ये चित्र वेगळं होतं. समजा पहिलीचे दर ४६, ३५, ४२ आणि परत येतात शंभरात ९. दुसरीचे ५८, ४०, ५२ आणि परत येतात ८. पहिलीकडे २०,०२० वजा ८,१६३, म्हणजे हातात ११,८५७. दुसरीकडे २०,२४० वजा ९,८९६, म्हणजे १०,३४४. दीड हजाराचा फरक, आणि स्वस्त कंपनी सरळ जिंकते. पुण्या-नाशकात दोघीही दोन-तीन दिवसांत पोचतात, ग्राहक फोन उचलतो, मराठीत बोलतो. जास्त पैसे देऊन विकत घ्यायला काही उरतच नाही.

आता महाराष्ट्रातली पार्सलं एकीकडे जातात, बाहेरची दुसरीकडे. पॅनलवर तसा नियम एकदा लावून ठेवता येतो. ‘सगळ्यात चांगली कुरिअर कोणती’ या प्रश्नाला आमच्यापुरती दोन उत्तरं आहेत, आणि मला वाटतं बहुतेकांना तशीच सापडतील.

## परत येण्यात कुरिअरचा काय दोष? ग्राहकच चंचल

ही हरकत रास्त आहे. काही ग्राहक कोणत्याही कुरिअरला नाहीच म्हणतील. पण दोन कंपन्यांमधला जो फरक आहे तो ग्राहकांच्या स्वभावाचा नसतो, कारण ग्राहक तेच आहेत. तो बहुतेक दोन ठिकाणी तयार होतो.

एक म्हणजे दिवस. खणाचा फ्रॉक कशासाठी घेतात? पाडव्याला, गौरीला, मुलीच्या बोरन्हाणाला, वाढदिवसाला. पार्सल त्या दिवसाच्या आत गेलं तर आनंदाने घेतात. दुसऱ्या दिवशी गेलं तर ‘आता कशाला?’ म्हणून दार लावतात. त्या बाईचं चुकलं असं मला कधीच वाटलं नाही.

दुसरं म्हणजे दारापर्यंत न जाता मारलेला शेरा. पार्सल पोचलं नाही की डिलिव्हरी बॉय कारण टाकतो: ग्राहक उपलब्ध नाही, पत्ता अपुरा, पुढच्या तारखेची विनंती. याची नोंद पॅनलवर येते, तिला एनडीआर म्हणतात. साधारण तीन प्रयत्नांनंतर पार्सल परत फिरतं. गेल्या वर्षी इंदूरच्या एका पार्सलवर रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ‘ग्राहकाने घेण्यास नकार दिला’ असा शेरा पडला. मी लगेच फोन केला. ग्राहक म्हणाल्या, “अहो, आम्ही दिवसभर घरीच आहोत. कोणाचा फोनसुद्धा आला नाही.” मी पॅनलवर पुन्हा प्रयत्नाची विनंती टाकली, त्यांचा दुसरा नंबर दिला, आणि तिसऱ्या दिवशी पार्सल घेतलं गेलं.

खोटा शेरा ओळखायची खूण वेळेत असते. एकाच गावातल्या तीन-चार पार्सलांवर पाच मिनिटांच्या आत, रात्री, एकच कारण पडलं असेल, तर तो मुलगा हबमध्ये बसून दिवसाचं काम मिटवतोय. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, त्याच्या गाडीवर बहुधा झेपतील त्याहून जास्त पार्सलं असतात. पण कोणत्या कंपनीत हे जास्त होतं ते मोजता येतं. आम्ही प्रत्येक एनडीआरनंतर त्याच संध्याकाळी ग्राहकाला फोन करतो आणि वहीत एकच खूण करतो: ‘खरा’ की ‘खोटा’. तीन महिन्यांनी ती दोन रकान्यांची वही दरपत्रकापेक्षा जास्त सांगते. पॅनलवर उत्तर द्यायला बहुधा एखादा दिवसच मिळतो, त्यामुळे फोन दुसऱ्या दिवसावर टाकला की संधी गेली.

## पिकअप: वचन पुण्यात, गाडी बार्शीत

विक्रेत्याच्या दारातून पार्सल उचलून नेणं म्हणजे पिकअप. दरपत्रकात ते फुकट असतं आणि संकेतस्थळावर रोजचं असतं. तालुक्याच्या गावात मात्र कंपनीचा माणूस नसतो, फ्रँचायझी असते. तिच्याकडे एखादी दुचाकी, एखादा टेम्पो. दोन पार्सलांसाठी गावाच्या टोकाला जाणं तिला परवडत नाही, तेव्हा फोन येतो: “ताई, आज गाडी नाही, उद्या दोन्ही दिवसांचं एकदम घेतो.” वहिनीला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही, जोवर पॅनलवर त्या दिवसासमोर ‘विक्रेत्याचा माल तयार नव्हता’ असं लिहिलेलं दिसलं नाही.

पिकअप किती भरवशाचं आहे हे मोजायला एकच अंतर पुरतं: पिकअपची विनंती टाकल्यापासून पहिल्या स्कॅनपर्यंत. लेबल तयार झाल्याचा वेळ धरू नका, तो आपला असतो. पार्सल हबवर वाचलं गेलं तो वेळ कंपनीचा. आमच्याकडे एका कंपनीचं सरासरी अंतर एक दिवस होतं आणि दुसरीचंही जवळपास तेवढंच. पण सरासरीने फसवलं. पहिली रोज यायची आणि महिन्यातून एकदा सलग तीन दिवस गायब व्हायची. दुसरी दिवसाआड यायची, पण ठरलेल्या दिवशी यायचीच असं म्हणता येईल इतकी नेमाने. मला दुसरी बरी वाटली. येणार हे ठाऊक असलं की वहिनी ग्राहकाला खरी तारीख सांगते, आणि खरी तारीख सांगितलेलं पार्सल कमी परत येतं.

पिकअपवाला पार्सलं उचलतो तेव्हा दारात स्कॅन करतोच असं नाही. गोणीत भरून नेतो आणि संध्याकाळी हबवर सगळी एकदम वाचतो. मधल्या वेळात एखादं गळालं तर कंपनीच्या लेखी ते तिच्याकडे आलेलंच नसतं, आणि भरपाईचा दावा उभाच राहत नाही. म्हणून पॅनलवरून त्या दिवसाच्या पार्सलांची यादी छापायची, तिला मॅनिफेस्ट म्हणतात, आणि त्यावर त्याची सही, तारीख आणि वेळ घ्यायची. त्याला घाई असते, तोंड वाकडं करतो. दोनदा चहा दिल्यावर आमचा स्वतःच पेन मागायला लागला.

सणाच्या आधीचे दोन आठवडे मात्र कोणाचाच भरवसा धरू नये. त्या दिवसांत मी पार्सलं स्वतः स्कूटरवरून फ्रँचायझीत नेऊन देतो आणि समोर स्कॅन करून घेतो.

## परत आलेलं पार्सल घेताना

परतीची पार्सलं एकेक येत नाहीत. दहा-बारा दिवस काही नाही, मग एका दुपारी आठ पिशव्या एकदम, आणि मुलगा सही मागत दारात उभा. इथे घाई केली की नुकसान आपलं. आधी प्रत्येक पिशवीवरचा नंबर आपल्या यादीशी जुळवायचा. मग पिशवी हातात तोलायची. फ्रॉकचं वजन हाताला कळतं. फाटलेली, पुन्हा टेप लावलेली किंवा हलकी लागलेली पिशवी असेल तर सही करण्याआधी तसं लिहायचं आणि मोबाइलवर न थांबता एकच व्हिडिओ घेत ती उघडायची, सुरुवातीला लेबल दिसेल असा. एकदा आमच्या पिशवीतून खणाच्या फ्रॉकऐवजी कोणाचा तरी जुना टी-शर्ट निघाला. व्हिडिओ होता म्हणून पैसे मिळाले. असा दावा करायची मुदत बहुतेक ठिकाणी दिवस-दोन दिवसांची असते. पिशव्या कोपऱ्यात ठेवून ‘रविवारी बघू’ म्हटलं की तो हक्क संपला.

दोन कंपन्यांची तुलना करताना आणखी एक तारीख लिहून ठेवा: परत फिरल्याचा शेरा पडल्यापासून पार्सल आपल्या दारात येईपर्यंतचे दिवस. एकीकडे आठ आणि दुसरीकडे एकवीस असतील, तर दिवाळीआधी गेलेला फ्रॉक एकीकडून दिवाळीतच पुन्हा विकता येतो.

ग्राहकाने घेतलं आणि माप बसलं नाही म्हणून परत पाठवायचं असेल, तर तो वेगळा प्रकार. त्याला रिव्हर्स पिकअप म्हणतात. त्याचा दर बहुधा जाण्यापेक्षा जास्त असतो आणि लहान गावांच्या पिनकोडवर ती सोय नसतेही. लहान मुलींच्या कपड्यांत मापाची अदलाबदल ठरलेलीच. आम्ही ग्राहकालाच जवळच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवायला सांगतो, पावतीचा फोटो आला की तेवढे पैसे यूपीआयने देतो. पोस्ट ऑफिस नाही असं गाव अजून तरी आमच्या यादीत आलेलं नाही.

## वीस पार्सलं पाठवून पाहिली, पुरे की!

पुरत नाही. नाणं वीस वेळा उडवलं आणि तेरा वेळा छापा पडला तर नाणं खोटं ठरत नाही. वीस पार्सलांत एकीकडे पाच परत आली आणि दुसरीकडे तीन, यावरून काहीच सिद्ध होत नाही. शंभर-शंभर पार्सलांतही नशिबाचा वाटा राहतोच. चोवीस आणि चौदा दिसले तर मी बेताने विश्वास ठेवीन, चोवीस आणि एकवीस दिसले तर दोघी सारख्याच समजेन आणि स्वस्त घेईन.

वाटणीही सरळ हवी. मी आधी सोपे पत्ते स्वस्त कंपनीला आणि अवघड पत्ते महाग कंपनीला देत होतो, आणि मग महाग कंपनी वाईट आहे असं म्हणत होतो. आता ऑर्डरचा नंबर विषम असेल तर एक, सम असेल तर दुसरी. झोन वेगळे मोजायचे, आणि आधी पैसे भरलेल्या ऑर्डरी सीओडीत मिसळायच्या नाहीत. त्या फारशा परत येत नाहीत, त्यामुळे ज्या कंपनीकडे त्या जास्त गेल्या ती उगाच चांगली दिसते.

## मग सीओडीच बंद का करत नाही?

करून पाहिलं. एक महिना फक्त आधी पैसे घेतले. ऑर्डरी निम्म्यावर आल्या, कारण अनोळखी पानाला साडेसातशे रुपये आधी द्यायला लोक कचरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. आता मधला रस्ता धरलाय. महाराष्ट्राबाहेरच्या सीओडीला शंभर रुपये आगाऊ घेतो, बाकीचे दारात. हे शंभर भरायला जे तयार होत नाहीत, त्यातले बरेचसे पार्सलही घेणार नव्हते असा माझा अंदाज आहे. डी झोनमधली परतीची पार्सलं आमच्याकडे कमी झालीत. आणि ती कमी झाल्यावर वरचा हिशोब पुन्हा मांडायला लागतोय. परत येणारी पार्सलं दोन्हीकडे पाच-सहावर आली, तर चौदा रुपये जास्त देण्याचं कारणच उरत नाही. या महिन्याची वही भरली की विषम-समची वाटणी डी झोनपुरती पुन्हा सुरू करणार आहे.